फाटक्या लेबलाचा फोटो: हे पऱ्हाटीचं तणनाशक की सोयाबीनचं?

कारंजेकर_पुण्यात · ८ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो, शेती वाशीम जिल्ह्यात, बाबा एकटे बघतात. यंदा पाच एकर पऱ्हाटी आणि तीन एकर सोयाबीन. पऱ्हाटी बावीस दिवसांची झाली, निंदणाला बाया मिळत नाहीत, आणि डवरणीला पाऊस उघाड देत नाही. बाबांना गोठ्यातल्या फळीवर गेल्या वर्षीची एक बाटली सापडली, अर्ध्याहून जास्त भरलेली. ते म्हणतात, "हे पऱ्हाटीतलंच आहे, उद्या सकाळी मारतो." मला खात्री वाटत नाही, म्हणून फोटो मागवला.

फोटो खाली लावलाय. बाटली पांढरी, झाकण निळं. कंपनीचं मोठं नाव होतं तो भाग उंदरानं कुरतडलाय. त्याखाली बारीक अक्षरात जे उरलंय ते एवढंच वाचता येतं: `pyr 10% S`. त्याच्या डाव्या बाजूचा कागद गेलाय, उजवीकडे बाटली वळते म्हणून पुढचं दिसत नाही. शेजारी एक छोटी बाटली आणि पांढऱ्या दाण्यांचं पाकीट आहे, ते सोबतच आलं होतं म्हणतात. पाकिटावर अमोनियम सल्फेट लिहिलंय. बाबा म्हणाले, "ते खत आहे, दुकानदारानं फुकट दिलं."

सकाळपर्यंत सांगता येईल का कुणाला?

---

रानमाणूस · रात्री ९:३४

भाऊ, घाबरू नका. pyr म्हणजे पायरिथिओबॅक सोडियम, आणि ते १० टक्केच येतं. पऱ्हाटीत उगवणीनंतर गोल पानाच्या तणावर तेच मारतात. मी चार वर्षं मारतोय. निळं झाकण पण तेच. पंपाला ३० मिली घ्या, दहा पंपात एकर होतो.

---

टेरेसवाली_ठाणे · रात्री ९:४१

माझ्या जास्वंदीवर पांढरा कापसासारखा किडा आला आहे. कापसाचं हे औषध चालेल का? कुंडी छोटी आहे, किती थेंब घालू?

---

दुकान_वीस_वर्षं · रात्री १०:०५

ठाणेकर ताई, हे तण मारायचं औषध आहे, किड्याचं नाही. घालाल तर किडा राहील आणि जास्वंद जाईल. तुमच्याकडे आहे तो पिठ्या ढेकूण. त्यासाठी वेगळा धागा काढा, सांगतो.

कारंजेकर, बाबांना आत्ताच फोन करा आणि सकाळचं थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

रानमाणूस यांचं अर्धं बरोबर आहे. पायरिथिओबॅक सोडियम १० टक्के हे खरंच कपाशीचं तणनाशक आहे आणि मात्राही त्यांनी बरोबर सांगितली. पण फोटो मोठा करून पाहा. तुम्ही म्हणता डावीकडचा कागद गेलाय. म्हणजे `pyr` च्या आधी अक्षरं होती. आणि `pyr` झाल्यावर लगेच मोकळी जागा आहे, मग 10%. पायरिथिओबॅक असतं तर pyr हा नावाचा सुरुवातीचा तुकडा असता, त्याला चिकटून पुढे ithiobac आलं असतं, आणि टक्क्याच्या आधी sodium हा शब्द असता. इथे नाव pyr वर संपतंय. आपल्या दुकानात pyr वर संपणारं, दहा टक्क्यांचं तणनाशक कोणतं? इमॅझेथापायर. ते सोयाबीनचं आहे.

दुसरी खूण `S` ची. टक्क्यांनंतरची दोन अक्षरं औषध कोणत्या रूपात आहे ते सांगतात. इमॅझेथापायर येतं 10% SL, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारं. पायरिथिओबॅक येतं 10% EC, म्हणजे तेलकट द्रावण, पाण्यात घातलं की दूध होतं. तुमच्या फोटोत E नाही, S आहे.

झाकणाच्या रंगावर जाऊ नका. माझ्या दुकानात एकाच शेल्फवर निळ्या झाकणाच्या सात बाटल्या असायच्या, सातही वेगळ्या.

---

रानमाणूस · रात्री १०:२२

मान्य, S मी पाहिला नव्हता, मोबाईलवर बारीक दिसतं. पण एक सांगा, बाटलीवरचा खालचा चौकोन हिरवट दिसतोय. हिरवा म्हणजे सौम्य ना? मग पऱ्हाटीला तसं काय होणार?

---

दुकान_वीस_वर्षं · रात्री १०:४८

हा गैरसमज मी काउंटरवर हजार वेळा ऐकलाय. तो चौकोन टोकावर उभा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यातला रंग माणसाला विष किती, ते सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पिकाचं काय होईल याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हिरव्या रंगाचं तणनाशक तुमची सगळी पऱ्हाटी जाळू शकतं.

आणि फोटोतला रंग धरूच नका. वर्षभर गोठ्यात ऊन लागलं की लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी टिकते. म्हणून जुन्या बाटलीवर पिवळा पांढरट दिसतो. रंग कळेना तर वरच्या अर्ध्यातला शब्द वाचायचा. लाल आणि पिवळ्याच्या वर POISON असतं, लालवर कवटीसुद्धा. निळ्याच्या वर DANGER, हिरव्याच्या वर CAUTION. शब्द काळ्या नाहीतर लाल ठळक अक्षरात असतो, तो रंगापेक्षा जास्त दिवस टिकतो.

---

सुमनताई_दर्यापूर · रात्री ११:०३

मी अनुभवाचं सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्यानं सोयाबीनवर इमॅझेथापायर मारलं. वारा आमच्या बाजूला होता. बांधालगतची सहा तासं पऱ्हाटीची होती. मेली नाही, पण वाढायची थांबली. शेंड्याची नवी पानं पिवळी पडून आखडली. बाकीचं रान गुडघ्याएवढं झालं तेव्हा ती तासं वीतभरच होती. बोंडं लागली पण उशिरा आणि थोडी. नुसत्या वाऱ्यानं गेलेल्या तुषारांनी एवढं झालं. कारंजेकर, तुमचे बाबा तर थेट पंपानं मारणार होते.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, बाया मिळत नसतील तर दोन दिवस उघाडीची वाट पाहा, पण ती बाटली नको.

---

कारंजेकर_पुण्यात · रात्री ११:२०

फोन केला. बाबा थांबलेत, पण नाराज. म्हणाले, "दोन-चार अक्षरांवरून तुम्ही पोरं काय ठरवता? गेल्या वर्षी मी पऱ्हाटीच पेरली होती, मग सोयाबीनचं औषध घरात येईल कुठून?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खात्री करायची तर आणखी काय फोटो मागवू?

---

दुकान_वीस_वर्षं · रात्री ११:५२

बाबांचा प्रश्न योग्य आहे, त्यांना रागावू नका. एका फोटोवर मीही पैज लावणार नाही. उद्या सकाळी उजेडात हे मागवा.

बाटली जमिनीवर उभी करून एका जागेवरून तीन फोटो, प्रत्येक वेळी बाटली थोडी फिरवून. गोल बाटलीचं लेबल एका फोटोत कधी येत नाही, आणि सगळ्यात कामाचं बारीक छापील नेमकं वळणावर असतं. सावलीत काढायचे, उन्हात प्लास्टिक चमकतं आणि अक्षरं पांढरी होतात. फ्लॅश नको. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं फुटतात. तुमच्या आजच्या फोटोत तेच झालंय.

मागच्या बाजूचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे लेबलावर इंग्रजीसोबत हिंदी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत लिहावं लागतं. उंदरानं इंग्रजी नाव खाल्लं असलं तरी तेच नाव मागे हिंदीत पुन्हा असेल. लोक ब्रँडचं मोठं नाव शोधतात. ते सापडलं नाही तरी चालतं, कारण एकच औषध वीस कंपन्या वीस नावांनी विकतात. शोधायचं ते त्याच्या खालचं बारीक नाव, टक्का आणि दोन अक्षरं. हे तिन्ही एकत्र मिळालं की बाटली ओळखली.

`CIR-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा. तो असला की हे कीडनाशक कायद्याखाली नोंदलेलं आहे, टॉनिक किंवा खत नाही, एवढं नक्की. किडे किंवा तण मारतो असं सांगणारी बाटली आणि CIR नाही, तर ती दुकानातच ठेवून यायची.

---

द्राक्षबाग_निफाड · ९ जुलै, सकाळी ७:१५

धागा वाचतोय, माझाही असाच घोळ आहे. गोणीचा फोटो टाकतो. पुढे मोठ्या अक्षरात "पोटॅश" लिहिलंय, ५० किलो. दुकानात ती नेहमीच्या पोटॅशपेक्षा बरीच स्वस्त मिळाली, म्हणून चार गोण्या आणल्या. आता मुलगा म्हणतो हे ते पोटॅश नाही. गोणी तर तशीच आहे, मग फरक काय?

---

दुकान_वीस_वर्षं · सकाळी ८:०२

निफाडकर, तुमच्या गोणीवर खाली डाव्या कोपऱ्यात बघा, फोटोत अर्धवट दिसतंय: १४.५. ते मळीपासून काढलेलं पोटॅश आहे, साखर कारखाना-डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या राखेतून निघतं. खत नियंत्रण आदेशात त्याची नोंद आहे, बोगस नाही. पण त्यात पालाश किमान १४.५ टक्के असतो. नेहमीच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के.

आता हिशेब करा. म्युरेटच्या ५० किलोच्या गोणीत ३० किलो पालाश. तुमच्या गोणीत सव्वासात किलो. म्हणजे तुमच्या चारही गोण्या मिळून एका म्युरेटच्या गोणीएवढं पालाश. स्वस्त पडलं की महाग, ते आता तुम्हीच पावती काढून ठरवा.

गोणीवर "पोटॅश", "डीएपी", "एनपीके" असं मोठं नाव आधी वाचू नका, आकडे वाचा. डीएपी म्हणजे १८-४६-०. "डीएपी"च्या आधी काही लावून मोठं छापलेल्या आणि बाजूला बारीक आकडे वेगळेच असलेल्या गोण्या बाजारात फिरतात. त्यात ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानाच्या खतांच्या गोण्या "भारत" नावानं एकसारख्या झाल्या. गोणीचा दोन तृतीयांश भाग सगळ्यांचा सारखाच. कंपनी कुणाची हे फक्त उरलेल्या तिसऱ्या भागात कळतं. म्हणून पूर्वी रंगावरून ओळखायचो, ते आता चालत नाही. फोटो काढताना खालचा भाग आला नाही, तर गोणी ओळखता येत नाही.

---

द्राक्षबाग_निफाड · सकाळी ८:३०

पावती काढली. बोलायचं नाही म्हणतो.

---

कारंजेकर_पुण्यात · सकाळी ९:४०

बाबांनी पाच फोटो पाठवले, डॉक्युमेंट म्हणून. मागच्या बाजूला हिंदी आहे! त्यातही पहिली दोन अक्षरं गेलीत, पण "...झेथापायर १०% एस.एल." स्पष्ट वाचता येतं. `CIR-` पण आहे, पुढचे आकडे ओले होऊन पसरलेत. पिकांच्या तक्त्यात सोयाबीन आणि मूंगफली अशा दोनच ओळी आहेत.

तक्ता मात्र मला कळला नाही. सोयाबीनपुढे १००, मग १०००, मग ५००-६०० असे तीन आकडे आहेत. बाबा विचारतात, हेक्टरी १०० मिली मारायचं का? गेल्या वर्षी त्यांनी पंपाला दहा मिलीनं मारलं होतं म्हणे, आणि तण मेलं नाही.

---

दुकान_वीस_वर्षं · सकाळी १०:१५

तर इमॅझेथापायर पक्कं. झ दिसल्यावर शंका राहिली नाही.

तक्त्यातला पहिला आकडा सगळ्यांना फसवतो. १०० म्हणजे शुद्ध औषध, ग्रॅममध्ये, एका हेक्टरला. बाटलीत ते दहाच टक्के आहे, म्हणून १०० ग्रॅम शुद्ध मिळायला बाटलीतलं १००० मिली लागतं. तो दुसरा आकडा, तोच आपला. तिसरा पाण्याचा, लिटरमध्ये.

एकरी करायचं तर ०.४ ने गुणा. १००० मिलीचे ४०० मिली होतात. पाणी ५०० ते ६०० लिटर, म्हणजे एकरी २०० ते २४० लिटर. १५ लिटरचा पंप धरला तर तेरा ते सोळा पंप, आणि प्रत्येक पंपात २५ ते ३० मिली. विदर्भात बरेच जण दहा पंपात एकर उरकतात, मग पंपाला ४० मिली पडतं. बाबांनी पंपाला दहा मिली घेतलं. म्हणजे त्यांनी पहिला आकडा वाचला असावा, नाहीतर कुणीतरी तोंडी सांगितलं असेल. चौथा हिस्सा मात्रेत तण पिवळं पडून परत हिरवं होतं.

आणि ते अमोनियम सल्फेटचं पाकीट खत म्हणून दिलेलं नाही. इमॅझेथापायरसोबत ते आणि चिकटवणारं द्रव, दोन्ही पाण्यात मिसळायला देतात, पानातून औषध आत जावं म्हणून. छोटी बाटली ती चिकटवणाऱ्याची. पाकिटावर नत्राचा टक्का लिहिलेला असतो, म्हणून शेतकरी ते खत समजून झाडाला टाकतात आणि औषध तसंच मारतात. तुमच्या त्रिकुटानं मला पहिल्याच फोटोत शंका आली होती. पायरिथिओबॅकसोबत असं पाकीट मी विकलेलं नाही.

---

सुमनताई_दर्यापूर · सकाळी १०:४०

मग बाबांचा प्रश्न राहिलाच की. पऱ्हाटीच्या घरात सोयाबीनचं औषध आलं कुठून?

---

कारंजेकर_पुण्यात · सकाळी ११:०५

विचारलं. गेल्या वर्षी चुलत भावानं त्याच्या सोयाबीनसाठी दोन आणल्या, एक आमच्या गोठ्यात ठेवली. बाबांनी त्यातली थोडी आमच्या धुऱ्यावरच्या गवतावर मारली. तोच तो दहा मिलीचा प्रयोग. पऱ्हाटीवर मारलंच नव्हतं, म्हणून काही झालंही नाही. आता वर्षभरानं त्यांच्या डोक्यात "आपल्या घरातली बाटली म्हणजे पऱ्हाटीची" असं बसलं.

---

रानमाणूस · सकाळी ११:३०

एक सोपा उपाय होता तो कुणी सांगितला नाही. झाकण उघडून वास घ्यायचा. ईसीला रॉकेलसारखा वास येतो, दुसऱ्याला येत नाही.

---

दुकान_वीस_वर्षं · दुपारी १२:१०

असलं सांगू नका हो. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ती नाकातोंडातून आणि कातडीतूनच ना? अनोळखी बाटलीला नाक लावायचं नाही, मग ती कसलीही असो.

ईसी की एसएल हे बघायचंच असेल तर पाण्याची परीक्षा आहे. हातमोजे घालून, फेकून द्यायच्या पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि काडीनं चार-पाच थेंब सोडा. दूध झालं तर ईसी. पाणी स्वच्छ राहिलं तर एसएल. ग्लास नंतर पुन्हा वापरायचा नाही, आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतायचं नाही.

पण या परीक्षेला मर्यादा आहे, तीही ऐका. दूध झालं नाही म्हणजे पायरिथिओबॅक नाही, एवढंच कळतं. आहे काय ते कळत नाही. ग्लायफोसेट ४१ टक्के, पॅराक्वॉट २४ टक्के, टू-फोर-डीचं अमाइन, ही सगळी एसएलच येतात आणि सगळी पाण्यात स्वच्छ राहतात. या तिन्हींपैकी कुठलंही पऱ्हाटीवर पडलं तरी पऱ्हाटी गेली. म्हणून ही परीक्षा "नाही" म्हणायला चांगली, "आहे" म्हणायला नाही. आणि बाटली एकदा उघडलेली आहे, त्यात दुसरं काही ओतलं नसेल कशावरून? लेबल बाटलीचं असतं, आतल्या मालाचं असेलच असं नाही.

---

कारंजेकर_पुण्यात · दुपारी २:२५

बाबांनी उत्साहात परीक्षा केलीच. पाणी स्वच्छ राहिलं, किंचित पिवळसर. त्यांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर पाहण्यासारखा होता.

आता त्यांचा पुढचा प्रश्न. तीन एकर सोयाबीन अठरा दिवसांची आहे. तिच्यावर हीच बाटली मारू का? साधारण सहाशे मिली आहे, म्हणजे दीड एकराचं काम होईल.

---

दुकान_वीस_वर्षं · दुपारी ३:००

दिवसांचं जमतंय. पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवस हाच याचा काळ, तण दोन-तीन पानांवर असताना. पण मी मारणार नाही. बॅच आणि शेवटची तारीख वाचता येत नाही, बाटली उघडी, गोठ्यातल्या उन्हात वर्ष गेलेलं.

---

रानमाणूस · दुपारी ३:२०

एवढं पण नाही हो. एसएल लवकर खराब होत नाही. तळाला साका बसला नसेल, रंग बदलला नसेल तर एका कोपऱ्यात एक पंप मारून बघायला काय हरकत? आठ दिवसांत तण पिवळं पडलं नाही तर समजलं. दीड एकराच्या औषधाचे पैसे का घालवायचे?

---

सुमनताई_दर्यापूर · दुपारी ३:४५

आठ दिवसांनी समजेल तेव्हा सोयाबीन सव्वीस दिवसांची आणि तण हाताबाहेर गेलेलं असेल. मग दुसरं औषध आणायचे पैसे वेगळे आणि त्या वेळी ते लागूही पडणार नाही. मी दुकानाच्या बाजूनं आहे. तशी रानमाणसांची पैशांची गोष्ट खोटी नाही, आम्हीही तेच करत आलोय.

---

नवखा_अकोट · सायंकाळी ५:१०

मला वेगळंच विचारायचंय. पऱ्हाटीला पायरिथिओबॅक आणायचं ठरलं तर दुकानात नाव कसं सांगायचं? मी ब्रँडचं नाव सांगितलं तर दुकानदार "ते संपलं, हे घ्या, सेमच आहे" म्हणून दुसरं देतो. खरंच सेम आहे का ते कसं ओळखू?

---

दुकान_वीस_वर्षं · सायंकाळी ६:००

ब्रँड सांगूच नका. "पायरिथिओबॅक सोडियम १० टक्के ईसी" असं म्हणा. दुसरी बाटली दिली तर तीच तीन गोष्टी जुळतात का पाहा: नाव, टक्का, दोन अक्षरं. तिन्ही जुळली तरच सेम. एक जरी वेगळी असली तर मात्रा बदलते. इमिडाक्लोप्रिडचं बघा ना, १७.८ टक्के एसएल येतं आणि ७० टक्के डब्ल्यूजीही येतं. नाव एकच, पण एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर चौपट जातं.

पायरिथिओबॅक फक्त गोल पानावर चालतं हेही लक्षात ठेवा. तांदुळजा याला ठीक. लांब पानाचं गवत जास्त असेल तर क्विझालोफॉप लागतं, किंवा दोन्ही एकत्र असलेली बाटली. एकत्र असलेल्यात पायरिथिओबॅक ६ टक्के आणि क्विझालोफॉप ४ टक्के असतं, म्हणजे टक्के पुन्हा वेगळे. तिला पंपाला तीस मिलीचा हिशेब लावायचा नाही, तिच्या घडीपत्रिकेतला लावायचा. घडीपत्रिका बाटलीबरोबर असतेच. दुकानदार कधीकधी खोक्यातच ठेवून नुसती बाटली देतो, ती मागून घ्यायची.

कुठल्या पिकाला कुठलं औषध मंजूर आहे हे पडताळायचं तर केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या `ppqs.gov.in` वर तणनाशक, कीटकनाशक, बुरशीनाशक यांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. लेबलावरचं तेच बारीक नाव इंग्रजीत टाकून शोधलं की पीक, मात्रा, पाणी, सगळं एका ओळीत येतं. इंग्रजीत आहे, पण आकडे तर आकडेच.

---

कारंजेकर_पुण्यात · १० जुलै, रात्री ८:४५

अपडेट. बाबांनी आज कारंज्यातून पायरिथिओबॅकची नवी बाटली आणली. त्यांनीच दुकानात उभं राहून तीन बाजूंनी फोटो काढून पाठवले, डॉक्युमेंट म्हणून. मी इथून "हो" म्हटल्यावर पैसे दिले. दुकानदार हसत होता म्हणे. उद्या उघाड असली तर मारतील.

सोयाबीनचं अजून ठरलं नाही. जुनी बाटली फेकायला ते तयार नाहीत. मी तिच्यावर मार्करनं "सोयाबीन, पऱ्हाटी नाही" लिहून कपाटात कुलपात ठेवायला सांगितलंय.

---

सुमनताई_दर्यापूर · रात्री ९:०२

एक राहिलं. गेल्या वर्षी धुऱ्यावर ते इमॅझेथापायर ज्या पंपानं मारलं, उद्या पऱ्हाटीवर तोच पंप?

---

कारंजेकर_पुण्यात · रात्री ९:०६

... तोच.

---

दुकान_वीस_वर्षं · रात्री ९:३०

वर्षभरात त्यातून कीटकनाशकाच्या फवारण्या झाल्याच असतील, बरंचसं धुतलं गेलं असेल. तरी पाण्यानं तीनदा, मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून थोडा वेळ ठेवून, दांडी आणि नोझलमधून बाहेर काढून, पुन्हा साध्या पाण्यानं. गाळणी आणि नोझल सुटं करून धुवा, औषध तिथेच अडकून बसतं. या पंपातून टू-फोर-डी कधी मारलंय का, हे विचारा बाबांना. मारलं असेल तर पऱ्हाटीला दुसरा पंप मागून आणा, त्याचा अंश धुऊनही भरवसा नसतो.

---

कारंजेकर_पुण्यात · रात्री ९:५५

बाबा म्हणतात आठवत नाही. चुलत भावाला विचारून सांगतात.